खात्यातून पैसे वजा, हातात मात्र काही नाही: चिडलेल्या ग्राहकाशी काउंटरवर कसे बोलावे

प्रश्न: मी मुंबईतील एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. एटीएममधून नोटा न निघता खात्यातून पैसे वजा झालेले ग्राहक फार चिडून येतात. मी शांतपणे बोलते, नियम समजावून सांगते, तरी त्यांचा आवाज चढतच जातो. अशा माणसाशी समोरासमोर नेमके काय आणि कसे बोलावे?

उत्तर:

तुम्ही नियम सांगता त्यात काही चूक नाही, पण बहुधा तो फार लवकर सांगता. असा ग्राहक दोन गोष्टी घेऊन येतो. पहिली म्हणजे त्याच्याबाबतीत जे घडले त्याची हकीकत, आणि दुसरी म्हणजे ‘आता पुढे काय’ हा प्रश्न. हकीकत समोरच्यापर्यंत पोहोचली आहे असे त्याला वाटेपर्यंत तो दुसऱ्या गोष्टीकडे वळत नाही, आणि तोवर तुम्ही दिलेले अचूक उत्तरही त्याला टाळाटाळीसारखे ऐकू येते. शाखेत आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी ग्राहकाच्या आवाजापेक्षा त्याच्या पुनरुक्तीकडे अधिक लक्ष देतो. माणूस तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत असेल, तर पहिल्या दोन वेळी ते पोहोचल्याची पावती त्याला मिळालेली नाही, असे समजावे.

सुरुवात जागेपासून करावी लागते, कारण आपल्या शाखांमधील काउंटरची रचनाच आवाज चढवणारी असते. मध्ये काच असते, काचेला खाली एक खाच असते, वर टोकन पुकारणारे यंत्र चालू असते आणि मागे रांग असते. साधे बोलणेही तिथे मोठ्याने करावे लागते, आणि मोठ्याने बोलू लागलेला माणूस आधीच चिडलेला असेल तर त्याचा राग आणखी वाढतो. म्हणून रोकड बंद करून, संगणकाचा पडदा कुलूपबंद करून, शक्य असेल तर काउंटरच्या बाहेर या. ग्राहकाच्या अगदी समोर छातीला छाती लावून उभे राहू नका. थोडे तिरके, हातभराहून जरा अधिक अंतरावर उभे राहा, आणि त्याला रांगेपासून चार पावले बाजूला नेता येईल अशी एखादी खुर्ची किंवा टेबल दाखवा. ‘इकडे बसा’ ही आज्ञा वाटते. ‘इथे आवाज फार आहे, मला तुमचं नीट ऐकायचंय, इकडे येता का?’ या वाक्यात तिथून हलण्याचे कारणही असते आणि ते कारण ग्राहकाच्या बाजूचे असते. रांगेत उभ्या असलेल्यांसाठी एक वाक्य राखून ठेवा: ‘दोन नंबरच्या काउंटरवर काम चालू आहे, तिकडे या.’ ते न सांगता तुम्ही उठलात, तर गाडी पकडायच्या घाईत असलेली अर्धी रांग त्या ग्राहकाच्या बाजूने बोलू लागेल.

आता आवाज. शांतपणे बोलते, असे तुम्ही लिहिता. पण माणूस तापलेला असताना पहिल्या वाक्यापासून अगदी सपाट, मऊ, एका पट्टीतला आवाज लावला, तर त्यातून ‘मला याचे काही वाटत नाही’ असा अर्थ निघतो. हसऱ्या चेहऱ्याने स्वागत करा ही सूचना तर अशा प्रसंगी मी स्पष्टपणे चुकीची मानतो. चिडलेल्या माणसाला समोरचे हसू थट्टेसारखे दिसते. तुमच्या पहिल्या वाक्यात गांभीर्य हवे. आवाजाची उंची ग्राहकाच्या आवाजापेक्षा एकच पायरी खाली असावी, चार पायऱ्या खाली नव्हे, आणि मग पुढच्या प्रत्येक वाक्यागणिक ती थोडी थोडी उतरवत न्यावी. तुम्ही त्याच्यापासून फार दूर नसाल, तर तो नकळत तुमच्याबरोबर उतरतो. दुसरी बाब वाक्याच्या शेवटाची. आपण घाबरलो की वाक्याचा शेवट वर जातो आणि साधे विधानही प्रश्नासारखे ऐकू येते. ‘मी तक्रार नोंदवते’ हे वाक्य शेवट वर नेऊन म्हणून पाहा आणि मग शेवट खाली टेकवून म्हणा. पहिल्यात तुम्ही परवानगी मागता आहात असे वाटते, दुसऱ्यात काम सुरू झाल्यासारखे वाटते. हे कानाला कळायला मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

गतीचे सूत्र आवाजाहून थोडे वेगळे आहे. उंचीत आपण ग्राहकाच्या जवळ सुरुवात करतो, गतीत मात्र पहिल्यापासून त्याच्याहून सावकाश असावे. सावकाश म्हणजे शब्द ताणून बोलणे नव्हे, कारण तसे केले की लहान मुलाला समजावल्यासारखे वाटते. शब्द नेहमीच्या वेगाने बोला, वाक्ये लहान ठेवा आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्या. ग्राहकाचे बोलणे थांबले की लगेच तोंड उघडू नका, मनात एक-दोन मोजा. त्या दोन क्षणांत बऱ्याचदा तो आणखी एक वाक्य बोलतो, आणि त्याचा खरा त्रास अनेकदा त्याच वाक्यात असतो. तो बोलत असताना कळफलकावर टायपिंगही करू नका. खाते पाहण्याची तुमची घाई कामाची असली, तरी त्याला दिसते ती फक्त खाली गेलेली मान.

यानंतर येतात ती त्याचे म्हणणे त्याच्यापाशी परत नेणारी वाक्ये. समुपदेशनात या ऐकण्याच्या पद्धतीचे नाव अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याशी जोडले जाते, आणि तिचे रूपांतर पुढे पोपटपंचीत झाले याची खंत खुद्द रॉजर्स यांनाही होती. काउंटरवरही हाच धोका असतो. ग्राहक म्हणाला ‘मला मनस्ताप झाला’ आणि तुम्ही म्हणालात ‘तुम्हाला मनस्ताप झाला’, तर तो आणखी भडकेल आणि ते योग्यच ठरेल. ‘मी समजू शकते’ हेही तितकेच पोकळ वाक्य आहे, कारण तुम्हाला नेमके काय समजले ते त्यात कुठेच नसते.

नीट बांधलेल्या वाक्यात दोनच गोष्टी येतात: काय घडले ते त्याच्याच आकड्यांत, आणि त्यामुळे त्याचे काय अडले ते. तिसरे काही जोडायचे नाही. विशेषतः ‘पण’ जोडायचे नाही, कारण ‘तुमचे पैसे अडकलेत हे खरं आहे, पण आमच्या नियमाप्रमाणे’ असे म्हटले की पहिला अर्धा भाग पुसला जातो आणि त्याच्या लक्षात फक्त नियम राहतो. वाक्य संपवायचे, खाली टेकवायचे आणि थांबायचे. बरेच कर्मचारी इथे कायदेशीर सावधगिरी म्हणून ‘तुमच्या म्हणण्याप्रमाणे’ हा शब्दप्रयोग वापरतात. लेखी नोंदीत तो ठीक आहे, तोंडी बोलण्यात नाही. ‘तुमच्या म्हणण्याप्रमाणे नोटा आल्या नाहीत’ यातून ‘आम्हाला शंका आहे’ एवढेच त्याला ऐकू जाते. घडलेले त्याला परत सांगितल्याने बँकेने चूक कबूल केली असे होत नाही. तुम्ही त्याची हकीकत ऐकली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हे सगळे एका प्रसंगात कसे बसते ते पाहू. प्रशिक्षणात मी हा प्रसंग मुद्दाम वापरत असे, कारण यात ग्राहकाचा राग रास्त आहे आणि काउंटरवरच्या व्यक्तीच्या हातात पैसे देणे नाही. परळमध्ये खानावळ चालवणारे एक गृहस्थ आहेत असे धरा. ३ तारखेला त्यांनी दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून ८,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश मात्र आला. ४ तारखेला ते तुमच्या शाखेत आले, तेव्हा त्यांना पाच दिवस थांबायला सांगण्यात आले. ९ तारखेला पुन्हा आले, तेव्हा कोणीतरी सांगितले की यंत्र दुसऱ्या बँकेचे आहे, तिकडे जा. आज १२ तारीख आहे आणि तुम्ही काउंटरवर आहात.

‘नऊ दिवस झाले! कुठे गेले माझे आठ हजार? आधी म्हणालात पाच दिवस थांबा, मग म्हणालात त्या बँकेत जा. मी काय भीक मागायला येतो का तुमच्या दारात?’

इथे भिकेच्या वाक्याला उत्तर द्यायचे नाही. ‘असं काय बोलता, साहेब’ म्हटले की वाद त्या एका शब्दावर जातो आणि आठ हजार बाजूला राहतात. तुम्ही उठून, गंभीर आवाजात म्हणता: ‘आठ हजार नऊ दिवस अडकलेत. आणि आम्ही तुम्हाला दोनदा परत पाठवलं.’ एवढे म्हणून थांबता.

‘दोनदा! धंदा सोडून यावं लागतं. सकाळी भाजीवाल्याला रोख द्यायची असते, त्याला काय सांगू, मशीनने खाल्ले?’

लक्षात घ्या, आता नवी माहिती आली. आवाज अजून मोठा आहे, तरी पुनरुक्ती संपली आहे. तुम्ही एक पायरी खाली येऊन म्हणता: ‘रोजची खरेदी रोखीवर चालते, आणि नेमके तेच पैसे अडकले.’

‘तेच तर सांगतोय मघापासून!’ मग थोडा श्वास, आणि: ‘आता कधी मिळणार ते सांगा.’

सगळे त्या शेवटच्या वाक्यासाठी असते. ‘तेच तर सांगतोय’ ही पोहोच मिळाल्याची खूण आहे, आणि ‘कधी’, ‘कसं’, ‘मग आता मी काय करू’ यांपैकी कोणताही प्रश्न ही दार उघडल्याची खूण आहे. खांदे किंचित खाली येतात, नजर तुमच्या चेहऱ्यावरून टेबलावरच्या कागदाकडे जाते. यापूर्वी दिलेला कोणताही प्रस्ताव वाया जातो. यानंतर मात्र एक क्षणही अधिक सहानुभूती दाखवत बसू नये. प्रश्न विचारून झाल्यावरही तुम्ही ‘तुम्हाला किती त्रास झाला असेल’ म्हणत राहिलात, तर तो दुसऱ्यांदा चिडेल, आणि या वेळी समजूत घालणे पहिल्यापेक्षा अवघड जाईल.

प्रस्तावाआधी, चूक खरोखर झालेली असेल तर एका वाक्याची, नाव घेऊन केलेली दिलगिरी हवी: ‘९ तारखेला तुम्हाला त्या बँकेत जायला सांगितलं, ते चुकीचं होतं. तक्रार तेव्हाच इथे घ्यायला हवी होती. त्याबद्दल मी माफी मागते.’ हे सौजन्य म्हणून सांगायचे नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगायचे आहे. यंत्र कोणत्याही बँकेचे असले तरी तक्रार ज्या बँकेने कार्ड दिले तिच्याकडेच करायची असते; ती बँक मग यंत्राच्या मालक बँकेकडे दावा पाठवते. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे छापील वाक्य इथे वापरू नका, कारण ते कोणत्या गैरसोयीबद्दल आहे हे त्यात नसते.

मग प्रस्ताव. त्यात काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि तसे झाले नाही तर काय, या चार गोष्टी आल्या पाहिजेत. बोलायला ते असे: ‘मी आत्ता तक्रार नोंदवते आणि तिचा क्रमांक तुम्हाला लिहून देते. आमच्या एटीएम विभागाला विचारते, की त्या बँकेकडे दावा गेलाय का. गेला नसेल तर आज पाठवून घेते. चार वाजेपर्यंत मी स्वतः तुम्हाला फोन करते. माझा फोन आला नाही तर शाखेच्या या नंबरवर करा आणि हा क्रमांक सांगा.’ हे बोलत असतानाच ते कागदावर लिहा, तारीख घाला, आपले नाव लिहा. रागावलेल्या माणसाला ऐकलेले फारसे लक्षात राहत नाही, आणि खिशात कागद असला की घरी किंवा दुकानात विचारणाऱ्याला दाखवायलाही काहीतरी राहते. शेवटी एक छोटी निवड त्याच्याकडे द्या: ‘तक्रार नोंदवायला दहा मिनिटं लागतील. तुम्ही थांबता, की दुकानात जाता आणि मी पोच मोबाइलवर पाठवू?’ इतका वेळ सगळे इतरांच्या हातात होते. निवड लहान असली तरी त्याच्या हातात काहीतरी परत येते.

नियमाची जागा इथे आहे, आणि तो त्याच्या बाजूचा असल्यामुळे तर मुद्दाम सांगितला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा निघाल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा व्हायला हवी, आणि त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ग्राहकाला भरपाई म्हणून, त्याने न मागताही, मिळायला हवेत. हे दिवस कॅलेंडरचे धरले जातात. आपल्या प्रसंगात व्यवहार ३ तारखेचा, मुदत ८ तारखेपर्यंत. रक्कम आज १२ तारखेला जमा झाली तर ९, १०, ११ आणि १२ अशा चार दिवसांचे ४०० रुपये होतात. हा हिशोब ग्राहकासमोर कागदावर करा. पण लगेच हेही सांगा की हे व्यवहार फसला असे ठरल्यावर लागू होते. ४०० रुपये त्याच्या आठ हजारांपुढे थोडे आहेत. तरी बँकेलाही उशिराची किंमत मोजावी लागते, हे कर्मचाऱ्याने स्वतःहून सांगितले की त्याचा संशय बराच कमी होतो. हाच आकडा पहिल्याच मिनिटाला सांगितला असता, तर ‘मला तुमचे शंभर रुपये नकोत’ हेच उत्तर आले असते.

बहुतेकदा पुढचे वाक्य असते: ‘ते सगळं ठीक आहे, मला पैसे आज पाहिजेत.’ इथे माणसे दोन प्रकारे घसरतात. एक तर ‘बघते, प्रयत्न करते’ असे धूसर बोलतात, किंवा सुटका करून घेण्यासाठी ‘होईल आज संध्याकाळपर्यंत’ म्हणून टाकतात. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण उद्या तोच माणूस येईल आणि तेव्हा त्याच्याकडे खोट्या आश्वासनाचे कारणही असेल. नकार आधी, सरळ आणि एकदाच द्या: ‘आज जमा होतील असं मी सांगू शकत नाही. त्या मशीनच्या रोकडीचा ताळा लागला की ते ठरतं. आज चारपर्यंत दावा कुठवर आलाय हे मात्र नक्की सांगेन.’ ताळ्याचा मुद्दा एका वाक्यात समजावण्याजोगा आहे. यंत्र प्रत्येक व्यवहाराची नोंद स्वतःजवळ ठेवते, आणि रोकड मोजली की न निघालेल्या नोटा जादा भरतात. ते जुळले की दावा मान्य होतो. आपले पैसे हवेत विरलेले नाहीत, कुठल्यातरी पेटीत मोजायचे राहिले आहेत, हे कळले की माणसाला थांबणे थोडे सोपे जाते. त्याने मागणी पुन्हा केली, तर तेच उत्तर त्याच शब्दांत, त्याच उंचीवर द्या. शब्द बदललेत तर उत्तरही बदलू शकते असे त्याला वाटेल.

भाषेबद्दल थोडे. मुंबईत माणूस मराठीत सुरू करून रागात हिंदीवर जातो, किंवा उलट. तो ज्या भाषेत चिडला आहे त्याच भाषेत त्याचे म्हणणे परत न्या. ‘आठ हज़ार अटका है, और हमने दो बार वापस भेजा’ हे साधे वाक्य पुरते. प्रयत्नपूर्वक शुद्ध हिंदी नको. संबोधनात ‘साहेब’, ‘मॅडम’ किंवा आडनावापुढे ‘साहेब’ हे सुरुवातीला सुरक्षित. ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’ एरवी आपल्याकडे सहज चालतात, पण भांडणाच्या पहिल्या मिनिटात ती जवळीक काहींना लाघवीपणा वाटते. राग उतरल्यावर तीच हाक चांगली लागते.

मॅनेजरला बोलवावे लागले, तर हस्तांतर कसे होते यावर बरेच अवलंबून असते. ग्राहकाला केबिनमध्ये पाठवून दिले की त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते आणि विझलेला राग पुन्हा पेटतो. तुम्ही त्याच्याबरोबर जा आणि त्याच्यासमोर मॅनेजरना तीन वाक्यांत सांगा: ‘यांचे ३ तारखेला आठ हजार एटीएममध्ये अडकले. आपण यांना दोनदा परत पाठवलं. मी तक्रार नोंदवली आहे, दावा आज गेला की नाही हे आपल्याला पाहायचंय.’ ग्राहक मध्येच काही दुरुस्ती करेल, ती करू द्या. आपली बाजू बँकेचाच माणूस नीट मांडतो आहे, हे ऐकल्यावर त्याला मोठ्याने बोलण्याचे कारण उरत नाही.

या सगळ्याची मर्यादाही आहे. दोन-तीन वेळा नीट वाक्ये परत नेऊनही पुनरुक्ती थांबत नसेल, ‘तेच तर’ येत नसेल, तर एक तर तुम्ही चुकीचा त्रास परत नेत आहात, किंवा त्या माणसाला ऐकवायचे आहे ते तुम्हाला नव्हे, रांगेला. पहिल्या शक्यतेसाठी एक सरळ प्रश्न विचारून पाहा: ‘यातलं सगळ्यात जास्त कशामुळे अडलंय?’ दुसऱ्या शक्यतेत जागा बदलल्याशिवाय बोलण्याचा उपयोग नाही. आणि मोठा आवाज वेगळा, शिवी आणि अंगावर येणे वेगळे. शिवी आली तर एकदाच, त्याच खालच्या उंचीवर सांगा: ‘तुमचं काम मी करणार आहे. शिवी दिलीत तर मला बोलणं थांबवावं लागेल.’ दुसऱ्यांदा आली तर खरोखर थांबवा आणि मॅनेजरना बोलवा. हात उचलला, काउंटरवर काही आपटले किंवा माणूस नशेत असेल, तर वाक्ये जुळवत बसू नका. काचेच्या आत जा आणि सुरक्षारक्षकाला पुढे होऊ द्या.

दावा फेटाळला गेला तर मात्र सर्वांत कठीण संभाषण पुढे असते, आणि तिथे ‘रेकॉर्डमध्ये नोटा निघाल्याच आहेत’ एवढे सांगणे म्हणजे त्याला तोंडावर खोटे ठरवणे. दोन्ही बाजू एकाच दमात ठेवा: ‘त्या बँकेच्या नोंदीत नोटा निघाल्याचं दिसतंय. तुम्ही म्हणता निघाल्या नाहीत. हे जुळत नाही, म्हणून आपण त्यांच्याकडे मशीनची नोंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण मागू.’ चित्रण कायम ठेवले जात नाही, त्यामुळे ही मागणी त्याच दिवशी लेखी गेली पाहिजे. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तरच मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर जाता येते, हेही तुम्हीच त्याला सांगा आणि त्याच कागदावर लिहून द्या. काही वरिष्ठांना हे आवडत नाही. माझा अनुभव असा की पुढची पायरी आपण स्वतः दाखवली की धमकी म्हणून तिचा उपयोग करण्याची गरज ग्राहकाला राहत नाही.

राहता राहिला चार वाजताचा फोन. एटीएम विभागाकडून काहीही कळलेले नसले तरी तो चार वाजताच झाला पाहिजे, किंबहुना काही कळलेले नसेल तेव्हाच तो अधिक गरजेचा असतो. बोलणे अर्ध्या मिनिटाचे असते: ‘दावा आज दुपारी गेला आहे. त्या बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. उद्या बारा वाजता मी पुन्हा पाहते आणि तुम्हाला कळवते.’ फोनवर तो कदाचित पुन्हा चिडेल, आणि तेव्हाही क्रम तोच ठेवा: आधी त्याचे म्हणणे एका वाक्यात परत, मग थांबणे, मग पुढची वेळ. दुसऱ्या दिवशी तुमची सुट्टी असेल, तर ज्या सहकाऱ्याकडे हे काम जाईल त्याचे नाव त्याच फोनमध्ये सांगा, आणि त्या सहकाऱ्याला हकीकतीच्या त्याच तीन वाक्यांची चिठ्ठी देऊन जा.